मीटर म्हणतं ४०८, फोन म्हणतो ४२५! बोलेरोचे १७ किलोमीटर टायरने कसे खाल्ले?

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सोनारी नावाचं गाव आहे. काळभैरवनाथाचं देऊळ आणि देवळाभोवती उड्या मारणारी माकडं, या दोन गोष्टींसाठी हे गाव आसपास सगळ्यांना माहिती असतं. मला ते आणखी एका कारणाने माहिती आहे. माझा चुलत भाऊ तिथं राहतो आणि त्याची बोलेरो भाड्याने चालते. लग्न, देवदर्शन, दवाखाना, जे असेल ते. दर ठरलेला, किलोमीटरला १४ रुपये. निघताना मीटरचा फोटो काढायचा, आल्यावर पुन्हा काढायचा, वजाबाकी करायची आणि पैसे घ्यायचे.

तर झालं असं, की गावातल्या एका काकांना तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. मीही त्याच गाडीत होतो. जाऊन-येऊन मीटरवर ४०८ किलोमीटर झाले. माझ्या फोनवर मॅप चालू होता, तो सांगत होता ४२५. मी सहज बोलून गेलो, तर दादाने गाडी बाजूलाच घेतली.

"सतरा किलोमीटर गेले कुठं मग? आणि हे आत्ताच नाही, दिवाळीपासून गाडी तेल पण जास्त खायला लागलीय. आधी तेराचं अॅव्हरेज द्यायची, आता बाराच्या वर जाईना."

दिवाळीला काय केलं होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, "काय नाही रे, चार टायर नवे टाकले. जरा मोठे टाकले. टायरवाला म्हणाला, सगळेच टाकतात, गाडी उंच दिसते."

विषय इथंच होता. कारण मीटर रस्ता मोजतच नाही. मीटर चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते, हे टायरच्या मापावर ठरतं, आणि ते माप टायरच्या बाजूवर ठळक अक्षरात छापलेलं असतं. कुणी वाचत नाही, एवढंच.

बोलेरोच्या कंपनीच्या टायरवर लिहिलेलं असतं 215/75 R15. यातला पहिला आकडा, २१५, म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ही रुंदी रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नाही. टायरची एक बाजू ते दुसरी बाजू, जिथं तो सगळ्यात फुगलेला असतो तिथली ही रुंदी. टेप लावून रस्त्याकडची नक्षी मोजली तर आकडा कमी भरतो आणि माणूस म्हणतो, कंपनीने फसवलं. फसवलेलं नसतं.

दुसरा आकडा ७५. हा मिलिमीटर नाही, हे टक्के आहेत. रिमच्या कडेपासून टायरच्या वरच्या टोकापर्यंत जी रबराची उंची असते, ती रुंदीच्या ७५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे बाजूची उंची थेट लिहिलेलीच नाही, ती काढावी लागते. याचा एक मजेशीर परिणाम आहे. टक्के तेच ठेवून रुंदी वाढवली, की उंचीही आपोआप वाढते. दादाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, ते पुढं बघू.

मग येतो R. बऱ्याच जणांना वाटतं की R म्हणजे रेडियस, त्रिज्या. तसं नाही. R म्हणजे रेडियल, टायरच्या आत दोऱ्यांचे थर कसे बसवलेत त्याची ही खूण आहे. त्यापुढचा १५ हा रिमचा व्यास आहे, इंचात. हो, एकाच ओळीत एक आकडा मिलिमीटरमध्ये, एक टक्क्यांत आणि एक इंचात. ज्याने कुणी ही पद्धत पाडली त्याला विचारायला हवं होतं, पण आता जगभर हेच चालतं. पुढं 100S असं काहीतरी असतं. तो वजन आणि वेगाचा विषय आहे, १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलोपर्यंत भार आणि S म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत वेग. आपल्या आजच्या हिशोबात त्याचं काम नाही.

आता गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

```
बाजूची उंची = 215 × 75 ÷ 100 = 161.25 मिमी
रिम          = 15 × 25.4      = 381 मिमी
पूर्ण व्यास   = 381 + 161.25 + 161.25 = 703.5 मिमी
```

बाजूची उंची दोनदा का घेतली? कारण रिमच्या वरही रबर आहे आणि खालीही. इंटरनेटवर लोक हिशोब मांडतात, त्यात सगळ्यात जास्त चूक इथंच होते. एकदाच धरतात आणि मग बोलेरोचा टायर ५४ सेंटीमीटरचा निघतो. असं उत्तर आलं तर गाडीशेजारी उभं राहून बघायचं. बोलेरोचा टायर साधारण गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत येतो. ७० सेंटीमीटर बरोबर वाटतं, ५४ वाटत नाही.

आता दादाचे नवे टायर. त्यावर लिहिलं होतं 235/75 R15. रिम तीच १५ इंचाची, टक्के तेच ७५, फक्त २१५ च्या जागी २३५. टायरवाल्याने सांगितलं होतं की "फक्त रुंद आहे". पण २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६.२५ मिलिमीटर. दोनदा घेतले की ३५२.५, त्यात रिमचे ३८१ मिळवले की व्यास ७३३.५ मिलिमीटर. जुन्यापेक्षा बरोबर ३० मिलिमीटर, म्हणजे ३ सेंटीमीटर जास्त. यातली अर्धी वाढ चाकाच्या मध्याच्या वर जाते आणि अर्धी खाली, त्यामुळे गाडी जेमतेम दीड सेंटीमीटर उंच झाली. एवढ्यासाठी सगळा खटाटोप!

टक्क्यांत बघितलं तर ७३३.५ भागिले ७०३.५, म्हणजे १.०४२६. टायर सव्वाचार टक्क्यांनी मोठा झाला. व्यास जेवढ्या टक्क्यांनी वाढतो, तेवढ्याच टक्क्यांनी एका फेऱ्यातलं अंतर वाढतं. आता मीटरवरचे ४०८ घ्या आणि १.०४२६ ने गुणा. उत्तर येतं ४२५.४. फोन सांगत होता ४२५.

दादाला हे उत्तर दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, "पण मीटर तर कंपनीचं आहे ना?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

जुन्या गाड्यांमध्ये मीटरला एक केबल जायची, ती चाकाबरोबर किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टबरोबर फिरायची. आता केबलच्या जागी सेन्सर आलाय. पण काम तेच आहे, फेरे मोजणं. कारखान्यात गाडी तयार होते तेव्हा मीटरला एक आकडा दिलेला असतो, की चाकाचे इतके फेरे झाले की एक किलोमीटर धर. तो आकडा कंपनीने बसवलेल्या टायरवरून काढलेला असतो. नंतर तुम्ही टायर बदलला, हे मीटरला कळण्याचा काही मार्गच नाही.

बोलेरोच्या बाबतीत तो आकडा किती असेल? इथं एक छोटा पेच आहे. शाळेत आपण शिकलो की परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. त्या हिशोबाने ७०३.५ मिलिमीटरच्या टायरचा परीघ येतो २२१० मिलिमीटर, म्हणजे २ मीटर २१ सेंटीमीटर. पण गाडी प्रत्यक्षात एका फेऱ्यात तेवढी पुढं जात नाही. टायर म्हणजे काही बैलगाडीची लोखंडी धाव नाही. त्यावर गाडीचं वजन आहे, खाली तो चेपलेला आहे. त्यामुळे टायरच्या कामात ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणायची पद्धत आहे, रेडियल टायरसाठी. तसं केलं की एका फेऱ्याचं अंतर येतं सुमारे २ मीटर १४ ते १५ सेंटीमीटर.

चेपलेला टायर नेमका किती जातो, हे समजायला डोळ्यांसमोर पोकलेन आणा. पोकलेनच्या साखळीचा पट्टा गोल नसतो, खाली सपाट असतो. तरी पट्टा एकदा पूर्ण फिरला की मशीन पट्ट्याच्या लांबीएवढीच पुढं जाते. पट्टा किती उंच आहे याला तिथं महत्त्व नाही. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा असाच एक पट्टा असतो, आणि तो सहसा ताणला किंवा आकसला जात नाही. टायर खाली चेपला तरी त्या पट्ट्याची लांबी तीच राहते. हा पट्टा टायरच्या बाहेरच्या कडेपासून थोडा आत असतो, म्हणून अंतर बाहेरच्या परिघापेक्षा तीनेक टक्के कमी भरतं. हवा थोडी कमी झाली तर चाकाचा मध्य बराच खाली येतो, पण एका फेऱ्याचं अंतर अगदी किंचित बदलतं. तो किंचित बदल पकडूनच काही गाड्या "हवा कमी आहे" असा दिवा लावतात. चार चाकांपैकी एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतंय, म्हणजे ते लहान झालंय, एवढंच त्यांचं तर्कशास्त्र.

हे सगळं कागदावर झालं. आम्ही ते दारात करून बघितलं, आणि तुम्हीही करू शकता. सपाट सिमेंटचा रस्ता, एक खडू आणि लांब टेप लागते. हवा कंपनीने सांगितल्याएवढी भरून घ्या, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि रस्त्यावर खडूने एकाच रेषेत खूण करा. मग गाडी सरळ, हळू पुढं न्या आणि टायरवरची खूण पाच वेळा खाली येईपर्यंत थांबू नका. तिथं रस्त्यावर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि पाचने भागा. एकच फेरा मोजला तर खूण करताना झालेली दोन-तीन सेंटीमीटरची चूक सगळा हिशोब बिघडवते. पाच फेऱ्यांत ती चूक पाच भागांत वाटली जाते. स्टिअरिंग वाकडं झालं तर मोजणी रद्द, परत करा.

आमचे पाच फेरे ११ मीटर २१ सेंटीमीटर भरले. म्हणजे एका फेऱ्याला २ मीटर २४ सेंटीमीटर. ७३३.५ ला ३.०५ ने गुणलं तर २ मीटर २३.७ सेंटीमीटर येतं. खडू आणि टेपच्या मानाने हे फारच जवळ आहे.

मग लक्षात आलं की जुना टायर अजून गाडीतच आहे. स्टेपनी! चार टायर बदलले, पण पाचवा कोण बदलतो? स्टेपनीवर 215/75 R15 तसंच होतं आणि ती जेमतेम वापरलेली. ती काढून नव्या चाकाशेजारी उभी केली तर फरक उघड्या डोळ्यांनी दिसत होता. तीही हाताने ढकलत पाच फेरे फिरवली. ती भरली ११ मीटर ४ सेंटीमीटर. दादा म्हणाला, "बघ, तुझं गणित चुकलं. जुना आणि नवा सारखाच की." पण गणित चुकलं नव्हतं. स्टेपनीवर गाडीचं वजन नव्हतं, ती चेपलेलीच नव्हती. बिनवजनाचं चाक जवळजवळ शाळेतल्या ३.१४ प्रमाणे चालतं, आणि ७०३.५ चे पाच फेरे त्या हिशोबाने ११ मीटर ५ सेंटीमीटर होतात. म्हणजे तुलना करायची तर दोन्ही चाकं गाडीखाली असताना करा, नाहीतर दोन्ही हातात असताना.

आता मीटरचा हिशोब पूर्ण करू. कंपनीच्या टायरचा एक फेरा २ मीटर १४.६ सेंटीमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४६६ फेरे. मीटर ४६६ मोजून एक किलोमीटर पुढं सरकतं. पण दादाच्या नव्या टायरचे ४६६ फेरे म्हणजे १०४२ मीटर. दर किलोमीटरला ४२ मीटर गाडी फुकट चालते. पुण्याच्या त्या एका फेरीत १७ किलोमीटर, १४ रुपयांनी २३८ रुपये. समजा वर्षाला गाडी खरोखर ३० हजार किलोमीटर चालली, तर मीटरवर साधारण १२२५ किलोमीटर कमी दिसतील. सतरा हजार रुपये झाले ते. गाडी उंच दिसण्याची ही किंमत.

आणि अॅव्हरेज? दादाचं म्हणणं होतं की तेराचं बारा झालं. इथं मजा आहे. अॅव्हरेज काढताना तो किलोमीटर मीटरवरूनच घेत होता आणि मीटर कमी दाखवत होतं. मीटरवर १२ दिसतात तेव्हा गाडी एका लिटरमध्ये खरी १२.५ चाललेली असते. अर्धा किलोमीटर तर तिथंच परत मिळाला.

आधीचे तेराही पूर्ण खरे नव्हते. बदलायच्या आधी जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर संपला असं धरतात. नक्षीच्या खोबणीत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या नक्षीच्या पातळीत आल्या की ही वेळ आली असं समजायचं. म्हणजे झिजून झिजून व्यास १२-१३ मिलिमीटरने कमी होतो, पावणेदोन टक्क्यांहून किंचित जास्त. पोकलेनच्या पट्ट्याचं आठवा, तारांचा पट्टा झिजत नाही, म्हणून अंतर व्यासाएवढं कमी होत नाही. पण थोडं होतंच. समजा एक टक्का झालं, तर झिजलेल्या टायरवर मीटर एक टक्का जास्त दाखवतं आणि तेरा म्हणजे खरे १२.८७. मग खरा फरक १२.८७ आणि १२.५ मधला, जेमतेम एक तृतीयांश किलोमीटर. तेवढं तेल मोठा, जड टायर फिरवायला खरंच जास्त जात असेल. बाकीचं सगळं मीटरने दाखवलेलं भूत होतं. याच भुतापायी दादाने मधे इंजेक्टर साफ करून घेतले होते. गॅरेजवाल्याने तेव्हा टायर बदलले का, असं विचारलंही नव्हतं.

यातून भाड्याने गाडी घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट निघते. टायर मोठे असतील तर मालकाचं नुकसान, पण झिजलेले असतील तर गिऱ्हाईकाचं. ४०० किलोमीटरच्या प्रवासात एक टक्का म्हणजे चार किलोमीटर, फार नाही. पण एखाद्याने कंपनीपेक्षा लहान टायर टाकले असतील तर मीटर चांगलंच पळतं.

आता वेगाचा काटा. तोही त्याच फेऱ्यांवर चालतो, मग काटा ८० वर असताना दादाची गाडी ८३ ने पळत होती का? सरळ हिशोबाने हो. पण काट्याचं एक गुपित आहे. किलोमीटरचा आकडा आणि वेगाचा काटा एकाच ठिकाणाहून माहिती घेतात, तरी कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवतात. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा नियम क्रमांक ३९ आहे, जगातल्या अनेक देशांत तो पाळला जातो. तो सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्यापर्यंतच. म्हणून बऱ्याच गाड्यांत काटा ८० दाखवतो तेव्हा फोनवर ७६-७७ दिसतात.

समजा कंपनीच्या टायरवर काटा ८० ला खरा वेग ७६ होता. दादाच्या टायरवर तो होतो ७९. म्हणजे मोठ्या टायरमुळे वेगाचा काटा जास्त खरा झाला आणि किलोमीटरचा आकडा जास्त खोटा! म्हणूनच "मी फोनवर वेग बघितला, बरोबर आहे, मीटर ठीक आहे" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. दोन्ही वेगळे तपासा. आणि काटा पुढं असतो म्हणून त्या भरवशावर मर्यादेच्या वर दोन-चार ठेवून चालायची सवय असेल, तर टायर बदलल्यावर ती सवय चलनात पडते.

फोनवर विश्वास नसेल तर हायवेवरचे किलोमीटरचे दगड आहेतच. पुणे-सोलापूर हायवेला लागलात की एका दगडापाशी मीटरवरचा ट्रिपचा आकडा शून्य करा आणि वीस दगड जाऊ द्या. मीटरने १९.२ दाखवलं तर तुमचा टायर चार टक्के मोठा आहे. रस्ता रुंद करताना एखादा दगड थोडा सरकलेला असू शकतो, म्हणून एका किलोमीटरवर भरवसा ठेवू नका, वीस-तीस घ्या.

मग टायर बदलायचेच नाहीत का? बदला की, कंपन्याही बदलतात. मारुतीने २०१८ मध्ये आणलेल्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला 165/80 R14 आणि वरच्या मॉडेलला 185/65 R15. रुंदी वेगळी, रिमही एक इंचाने मोठी. पण हिशोब केला तर पहिल्याचा व्यास ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक! रुंदी वाढवली तेव्हा टक्के ८० वरून ६५ वर आणले, म्हणून बाहेरून टायर तेवढाच राहिला आणि मीटर दोन्ही गाड्यांत खरं बोलतं. टायरच्या दुकानात "रिम तीच आहे, बसतं" एवढ्यावर विषय संपतो, तिथं हा हिशोब करायचा असतो. रिमवर बसणं वेगळं आणि मीटरला पटणं वेगळं. शिवाय टायर वळताना मडगार्डला आतून घासतो का, पूर्ण माणसं बसल्यावर वर लागतो का, हेही बघावं लागतं.

गावात गाडी म्हणजे फक्त बोलेरो नसते, म्हणून बाकीच्यांचंही थोडक्यात. जुन्या स्प्लेंडरच्या टायरवर 2.75-18 असं असतं. इथं रुंदीच इंचात आहे आणि टक्के लिहिलेलेच नाहीत. अशा वेळी उंची रुंदीएवढीच धरतात. पावणेतीन इंच म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर, दोनदा घेऊन १८ इंचात मिळवले की ५९७ मिलिमीटर. खरा टायर त्याहून जरा मोठाच भरतो. नव्या स्प्लेंडरला 80/100-18 येतो, त्याचा हिशोब ६१७ मिलिमीटर. पण स्प्लेंडरच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. त्यामुळे मागचा टायर कितीही मोठा टाका, मीटरला त्याचा पत्ताच लागत नाही.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर 13.6-28 दिसेल. दोन्ही आकडे इंचात, टक्के पुन्हा गायब, पण इथं उंची रुंदीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास धरायची. व्यास येतो सुमारे १.३ मीटर आणि एक फेरा चार मीटरला थोडा कमी. रस्त्यावर हे चालतं. ओल्या रानात नांगर लावला की चाक घसरतं, मग दहा फेरे झाले तरी अंतर आठ-नऊ फेऱ्यांचंच झालेलं असतं. तिथं टायरवरचा आकडा काही सांगू शकत नाही, खडूची खूण आणि टेपच सांगते. आणि ज्या ट्रॅक्टरची चारही चाकं ओढतात त्यात फक्त मागचे टायर वेगळ्या मापाचे टाकू नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण गिअरमध्येच ठरलेलं असतं, ते बिघडलं की डांबरी रस्त्यावर पुढचे टायर आणि गिअर दोन्ही झिजतात.

दादाने शेवटी काय केलं? चार नवे टायर काढून टाकणं परवडणारं नव्हतं. त्याने एक जुनी वही घेतली, पहिल्या पानावर १.०४ लिहिलं आणि आता तो मीटरच्या वजाबाकीला त्याने गुणून गिऱ्हाईकाला सांगतो. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "असलं काय नवीन काढलंस? मीटर दिसतंय की." मग दादा गाडीची स्टेपनी खाली काढतो, मागच्या चाकाशेजारी उभी करतो आणि दाखवतो. बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना तो म्हणतो, तुमच्याच फोनवर मॅप लावा, तो सांगेल तेवढे द्या.

स्टेपनी मात्र आता मागच्या चाकाला लावत नाही. पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक काढून मागं लावतो आणि छोटी स्टेपनी पुढं. मागच्या एका बाजूचं चाक चार टक्के लहान असलं तर आतलं डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. पुढं लावली तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, म्हणून हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं. पाचवा टायर २३५ चाच घ्यायचा, हे ठरलंय. फक्त यावेळी दुकानात जाताना तो मला फोन करणार आहे.